जाहिरातपटाच्या स्टोरीबोर्डसाठी प्रॉम्प्ट लिहिताना स्थळ आणि पात्र कसे टिकवावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील सर्व उत्तरांसाठी एकच उदाहरण घेतले आहे. जाहिरात टेबल लॅम्पची आहे आणि तिची लांबी ३० सेकंद आहे. घड्याळे दुरुस्त करणारी साठीची एक स्त्री संध्याकाळी अपुऱ्या उजेडात काम करत असते, तिची दहा वर्षांची नात दारातून लॅम्प घेऊन येते, तो टेबलावर ठेवते आणि दिवा लागतो. खोली एक, पात्रे दोन, फ्रेम आठ. गोष्ट एवढी छोटी असली तरी कंटिन्युइटीच्या, म्हणजे फ्रेमांमधल्या सातत्याच्या, बहुतेक अडचणी तिच्यात येतात.

शब्द तेच असूनही प्रत्येक फ्रेममध्ये पात्र वेगळे का दिसते?

चित्रे तयार करणारे एआय मॉडेल प्रत्येक प्रॉम्प्टकडे, म्हणजे त्याला दिलेल्या लेखी सूचनेकडे, स्वतंत्र मागणी म्हणून पाहते. आधीची फ्रेम संदर्भ म्हणून मुद्दाम जोडली नाही, किंवा साधनाने ती स्वतःहून पुढे नेली नाही, तर तिची कोणतीही आठवण मॉडेलकडे नसते. ‘साठ वर्षांची स्त्री’ या शब्दांत बसू शकतील असे असंख्य चेहरे त्याला रेखाटता येतात आणि दर वेळी त्यांतला कोणताही एक चेहरा समोर येतो. त्यामुळे जे शब्दांत किंवा संदर्भचित्रात बांधलेले नाही ते फ्रेमागणिक बदलणार, हे गृहीत धरूनच काम करावे लागते. चित्रीकरणात कपडे, वस्तू आणि उजेड यांची नोंद ठेवणारी व्यक्ती सेटवर असते. इथे ती नोंद प्रॉम्प्टमध्येच असावी लागते.

पहिला प्रॉम्प्ट लिहिण्यापूर्वी काय ठरवून ठेवावे?

सर्वप्रथम खोलीचा वरून पाहिलेला आराखडा हाताने काढावा. चित्रकला येत नसली तरी चालते, चार भिंती आणि बाण पुरेसे असतात. आपल्या उदाहरणात लांब टेबल फ्रेममध्ये आडवे आहे आणि स्त्री त्यामागे, डाव्या भागात, कॅमेऱ्याकडे तोंड करून बसली आहे. खिडकी डाव्या भिंतीत आहे आणि दार तिच्यासमोरच्या, म्हणजे उजव्या भिंतीत. नात उजवीकडून आत येते आणि टेबलाच्या उजव्या टोकाला लॅम्प ठेवते. स्त्री आणि दार यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा आराखड्यावर ओढावी आणि कॅमेरा आठही फ्रेममध्ये त्या रेषेच्या एकाच बाजूला राहील असे ठरवावे. हा १८० अंशांचा नियम पाळला की स्त्री नातीकडे बघताना नेहमी उजवीकडे बघेल, नात आजीकडे बघताना नेहमी डावीकडे बघेल आणि दोघी एकमेकींशीच बोलत आहेत हे प्रेक्षकाला आपोआप कळेल.

त्यानंतर फ्रेमची यादी करावी. पहिली फ्रेम पूर्ण खोलीची, ४ सेकंद. दुसरी चिमट्यातून निसटणाऱ्या चाकाची आणि हातांची, ३ सेकंद. तिसरीत स्त्री खिडकीच्या उजेडाकडे झुकते, ४ सेकंद. चौथीत नात दारात उभी आहे, ४ सेकंद. पाचवीत दोघी एकत्र असून लॅम्प टेबलावर ठेवला जातो, ४ सेकंद. सहावीत बोट बटणावर, ३ सेकंद. सातवीत स्त्रीचा चेहरा, ४ सेकंद. आठवीत पुन्हा पूर्ण खोली, पण दिवा लागलेला आणि बाहेर अंधार, ४ सेकंद.

या यादीशेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात फक्त बदलणाऱ्या गोष्टी लिहाव्यात. स्त्रीचे भिंग पहिल्या तीन फ्रेममध्ये डोळ्यावर आहे आणि पाचवीपासून कपाळावर सरकवलेले आहे. उजेड पाचव्या फ्रेमपर्यंत डावीकडून, खिडकीतून येतो आणि सहावीपासून उजवीकडून, लॅम्पमधून येतो. अनेक जण सातत्याचा अर्थ ‘सगळे सारखे ठेवणे’ असा घेतात. वास्तविक, काय बदलावे आणि नेमके कोणत्या फ्रेमपासून बदलावे हे ठरलेले असणे म्हणजे सातत्य. हा रकाना नसेल तर भिंग चौथ्या फ्रेमनंतर स्वतःच्या मर्जीने वर-खाली होऊ लागते.

पात्राचे वर्णन किती तपशिलाने करावे?

कमी तपशील निवडावेत, मात्र ते दुरूनही दिसतील असे असावेत. पहिल्या फ्रेममध्ये स्त्रीचा चेहरा नखाएवढा आहे, त्यामुळे डोळ्यांचा रंग किंवा गालावरचा तीळ तिथे उमटणार नाही, आणि उमटलाच तर सातव्या फ्रेममधल्या तिळाशी जुळणार नाही. ओळख आकृतीच्या बाह्यरेषेत असावी. या स्त्रीसाठी तीन खुणा पुरतात: कानापर्यंत कापलेले सरळ पांढरे केस, गडद रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पट्ट्याने डोक्याला बांधलेले गोल भिंग. नातीसाठी एक लांब वेणी आणि ढगळ फिकट स्वेटर एवढे पुरे.

मोजाव्या लागणाऱ्या गोष्टी टाळाव्यात. पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर, बटणांची रांग, मण्यांची माळ, फुलांची नक्षी यांची संख्या आणि जागा फ्रेमागणिक बदलते आणि बदललेली चटकन खुपते. त्याचप्रमाणे प्रॉम्प्टमध्ये ‘आजी’ हा शब्दही लिहू नये. आपल्या चर्चेत तो सोयीचा असतो, पण मॉडेलसाठी त्या शब्दात अंबाडा, चष्मा आणि शाल आधीच दडलेली असते. मग कापलेल्या केसांचे वर्णन आणि हा शब्द यांची ओढाताण होते आणि एखाद्या फ्रेममध्ये शब्द जिंकतो. पात्राला नाव देण्यानेही काही साधत नाही. मॉडेलला ते नाव ओळखीचे वाटले तर त्याच्याशी जोडलेला भलताच चेहरा मात्र येऊ शकतो.

एका फ्रेमचा पूर्ण प्रॉम्प्ट कसा दिसतो?

पहिल्या फ्रेमचा प्रॉम्प्ट असा लिहिता येईल:

```
लाँग शॉट, कॅमेरा टेबलासमोर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.
सुमारे साठ वर्षांची सडपातळ स्त्री, कानापर्यंत कापलेले सरळ पांढरे केस,
गडद पूर्ण बाह्यांचा शर्ट, पट्ट्याने बांधलेले गोल भिंग एका डोळ्यावर.
ती लांब आडव्या टेबलामागे, फ्रेमच्या डाव्या भागात, हातातल्या कामावर वाकली आहे.
फ्रेमच्या डाव्या कडेला उंच खिडकी, मागे रिकामी फिकट भिंत, उजव्या कडेला उघडे दार.
डावीकडून मंद संध्याप्रकाश, खोलीचा उजवा भाग अंधारा.
पेन्सिल रेखाटन, केवळ करड्या छटा.
```

इथे प्रत्येक वाक्याचे काम वेगळे आहे: कॅमेरा, पात्र, कृती, स्थळ, उजेड आणि शैली. पात्राचे वर्णन आणि शैलीचे वाक्य आठही फ्रेममध्ये अक्षरशः तेच राहते. भिंगाची जागा तेवढी रकान्यानुसार बदलते, आणि सहाव्या फ्रेमपासून शैलीच्या वाक्यात दिव्याच्या पिवळ्या उजेडाची भर पडते. दर वेळी नव्याने लिहिण्याचा मोह टाळावा, कारण ‘सडपातळ’च्या जागी ‘बारीक अंगकाठीची’ लिहिले की वाचकासाठी अर्थ तोच राहतो, पण मॉडेल वेगळ्या माणसाकडे जाऊ शकते. ही वाक्ये एका फाइलमध्ये ठेवून तिथूनच उचलावीत.

शैली करड्या पेन्सिलची निवडली त्याला कारण आहे. स्टोरीबोर्डने कॅमेऱ्याची जागा, हालचाल आणि उजेड सांगायचा असतो. रंगीत, छायाचित्रासारख्या फ्रेम दाखवल्या की ग्राहक शर्टाच्या रंगावर चर्चा सुरू करतो. शिवाय करड्या छटांत कापडाच्या रंगातले लहान फरक लपतात. सहाव्या फ्रेमपासून दिव्याच्या उजेडाला तेवढा पिवळा रंग द्यावा, म्हणजे जाहिरातीचा मुद्दा बोर्डवरच दिसतो. मात्र ही शैली घेतल्यावर कपड्यांचे वर्णन ‘हिरवा’ आणि ‘तांबडा’ असे न करता ‘गडद’ आणि ‘फिकट’ असे करावे लागते, कारण हिरवा आणि तांबडा करड्यात एकसारखे दिसू शकतात.

खोलीचे वर्णन प्रत्येक फ्रेममध्ये जसेच्या तसे चिकटवले तर स्थळ टिकेल ना?

नाही, उलट बहुतेक वेळा स्थळ इथेच मोडते. पात्राचे वर्णन जसेच्या तसे न्यावे, पण खोलीच्या वर्णनातून त्या फ्रेमला जे दिसते तेवढेच न्यावे.

चौथी फ्रेम घ्या. कॅमेरा उजव्या भिंतीकडे वळला आहे आणि नात दारात उभी आहे. खिडकी आता कॅमेऱ्याच्या मागे, डावीकडे आहे, म्हणजे फ्रेममध्ये नाही. तरीही प्रॉम्प्टमध्ये ‘डाव्या कडेला उंच खिडकी’ हे शब्द राहिले, तर मॉडेल ती खिडकी दाराशेजारी काढून ठेवते, कारण उल्लेख झालेली वस्तू त्याला दाखवायची असते. मग एकाच खोलीला दोन खिडक्या होतात. या फ्रेममध्ये खिडकी हा शब्दच नसावा, फक्त तिचा परिणाम असावा: ‘समोरून डावीकडून येणारा मंद उजेड मुलीच्या चेहऱ्यावर, तिच्या मागचे दालन अंधारे’. टेबलही वगळावे. आराखड्याचा खरा उपयोग इथे होतो. त्यावर कॅमेऱ्याचा बाण ओढला की बाणासमोर काय येते आणि उजेड कोणत्या बाजूने पडतो हे पाहून वाक्य लिहिता येते.

दुसरी आणि सहावी फ्रेम अगदी जवळची असल्यामुळे त्यांच्यात खोली जवळपास नसतेच. तिथे टेबलाचा पृष्ठभाग, बाहीचा गडद कडा आणि उजेडाची दिशा एवढेच दुवे असतात. ‘गडद बाही मनगटापर्यंत’ हे तीन शब्द विसरले गेले तर त्या हातांचा त्या स्त्रीशी संबंध उरत नाही.

डावे-उजवे वारंवार चुकते. त्यावर उपाय काय?

दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. एक म्हणजे लिहिणाऱ्याची संदिग्धता: ‘तिच्या डाव्या हाताला’ आणि ‘फ्रेमच्या डाव्या बाजूला’ हे कॅमेऱ्याकडे तोंड केलेल्या व्यक्तीच्या बाबतीत उलट असतात. म्हणून कायम फ्रेमच्या बाजूने लिहावे किंवा बाजू एखाद्या वस्तूने सांगावी. भिंग कोणत्या डोळ्यावर हे सांगताना, खिडकी चित्रात असेल तेव्हा, ‘खिडकीकडच्या डोळ्यावर’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट म्हणजे मॉडेलची मर्यादा: दिशा नीट लिहूनही ती काही वेळा उलटी येते. अशा वेळी चित्र आरशासारखे आडवे फिरवणे हा सोपा मार्ग आहे आणि सममित कपड्यांमुळे तो इथे चालतो, पण फिरवल्यावर भिंग दुसऱ्या डोळ्यावर जाते आणि उजेड उलट बाजूने येतो, हे तपासल्याशिवाय ती फ्रेम बोर्डवर लावू नये.

घड्याळे दुरुस्त करणाऱ्या स्त्रीच्या खोलीत भिंत रिकामी का?

टेबलावर उघडलेली, काटे नसलेली घड्याळे जरूर असावीत. भिंतीवर चालू घड्याळे नकोत. घड्याळांच्या जाहिरातींत काटे परंपरेने दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास ठेवलेले असतात. मॉडेलने शिकताना अशी चित्रे अतोनात पाहिलेली असल्यामुळे, कोणतीही वेळ लिहिली तरी काटे बहुधा तिथेच येतात. संध्याकाळ ते रात्र असा काळ दाखवणाऱ्या बोर्डवर आठही फ्रेममध्ये दहा-दहा वाजलेले दिसले तर तो विनोद होतो. ‘भिंतीवर घड्याळ नाही’ असे लिहिणेही धोक्याचे आहे, कारण अनेक साधनांत नकार दुर्बल ठरतो आणि ‘घड्याळ’ हा शब्द सबळ. ‘रिकामी फिकट भिंत’ असे होकारार्थी लिहावे. वगळायच्या गोष्टींसाठी साधनात वेगळी जागा दिलेली असेल तर घड्याळ तिथे लिहावे.

सीड क्रमांक तोच ठेवला तर पात्र टिकते का?

सीड म्हणजे ज्या यादृच्छिक ठिपक्यांपासून चित्र घडू लागते त्या सुरुवातीचा क्रमांक. मॉडेल, प्रॉम्प्ट, आकार आणि इतर सर्व सेटिंग तीच असतील तर त्याच सीडवर साधारण तेच चित्र पुन्हा मिळते. प्रॉम्प्ट बदलला की सीड पात्राला धरून ठेवत नाही. लाँग शॉट आणि क्लोज-अप यांच्यात तर त्याचा काहीच भरवसा नाही. एखाद्या फ्रेममधला एकच शब्द बदलून परिणाम पाहायचा असेल तेव्हा सीड स्थिर ठेवणे उपयोगी पडते.

संदर्भचित्र जोडायचे असेल तर कोणते जोडावे?

पहिली चांगली फ्रेम मिळाली की तीच पुढच्या सगळ्यांना जोडणे, ही सर्वसाधारण सवय आहे. त्यात अडचण अशी की मॉडेल त्या चित्रातून केवळ चेहरा उचलत नाही, तर वाकलेली बैठक, डावीकडचा उजेड आणि चौकटीची मांडणीही उचलते, आणि मग सातव्या फ्रेममध्येही स्त्री मान खाली घालूनच बसते. म्हणून प्रत्येक पात्राचे वेगळे ओळखपत्र तयार करावे: साध्या पार्श्वभूमीवर, सपाट उजेडात, भावनाविरहित चेहऱ्याने उभे असलेले पात्र समोरून, तिरके आणि बाजूने. खोलीचेही माणसांविना एक चित्र असावे.

यानंतरचा नियम कडक पाळावा. प्रत्येक फ्रेमला मूळ ओळखपत्र जोडावे, आधीची फ्रेम नव्हे. तिसरीवरून चौथी आणि चौथीवरून पाचवी अशी साखळी केली की प्रत्येक पायरीचा लहान फरक पुढे जातो आणि पाचव्या-सहाव्या फ्रेमपर्यंत केस खांद्यावर आलेले असतात. शेजारच्या दोन फ्रेम पाहताना हे लक्षात येत नाही. पहिली आणि शेवटची शेजारी ठेवल्यावरच ते दिसते.

दोन्ही पात्रे एकत्र आली की कपडे आणि केसांची अदलाबदल का होते?

एकाच प्रॉम्प्टमध्ये अनेक विशेषणे असली की कोणते कोणाचे याबद्दल मॉडेलचा गोंधळ होतो. पाचव्या फ्रेममध्ये वेणी स्त्रीला आणि भिंग मुलीला मिळणे हा त्याचाच प्रकार. दोघींची वर्णने एका वाक्यात न गुंफता प्रत्येकीसाठी वेगळे वाक्य करावे आणि त्याची सुरुवात जागेने करावी: ‘फ्रेमच्या डाव्या भागात…’, ‘टेबलाच्या उजव्या टोकाशी…’. तरीही भेसळ राहिली तर आधी फक्त स्त्री असलेली फ्रेम तयार करावी, उजवीकडची रिकामी जागा निवडावी आणि चित्राचा तेवढाच भाग नव्याने काढून घेताना फक्त मुलीचे वर्णन द्यावे. वेळ थोडा जास्त लागतो, पण पाचव्या फ्रेमसाठी माझी पसंती सरळ याच मार्गाला आहे.

आठवी फ्रेम पहिलीसारखीच, पण रात्रीची हवी. ती नव्याने काढावी का?

नव्याने काढू नये. दोन्ही फ्रेममध्ये कॅमेरा एकाच जागी आहे आणि प्रेक्षक त्यांची तुलना करणारच आहे, त्यामुळे खिडकीची उंची किंवा टेबलाची लांबी बदललेली चालणार नाही. आधीची फ्रेम न जोडण्याच्या नियमाला इथे अपवाद करून पहिली फ्रेम आधार म्हणून द्यावी, प्रॉम्प्टमध्ये उजेडाची वाक्ये व भिंगाची जागा तेवढी बदलावी आणि मुलीचे वाक्य जोडावे. मूळ चित्रापासून किती दूर जायचे हे ठरवणारे मूल्य ज्या साधनात ० ते १ असे असते, तिथे ते फार कमी ठेवले तर डावीकडचा संध्याप्रकाश जात नाही आणि फार वाढवले तर खोलीच बदलते. ०.५ च्या आसपास सुरुवात करून दोन्ही बाजूंना थोडे सरकून पाहावे. खिडकीबाहेरचा उजेड हट्टाने टिकून राहिला तर काचेचा भाग निवडून फक्त तोच गडद करून घ्यावा.

लॅम्प हुबेहूब यायला हवा. त्याचे वर्णन कसे लिहावे?

वर्णनाने तो हुबेहूब येणार नाही आणि त्यावर दिवस घालवू नये. प्रॉम्प्टमध्ये ‘टेबलाच्या उजव्या टोकाला साधा टेबल लॅम्प’ एवढेच लिहून जागा धरावी आणि खऱ्या वस्तूचे छायाचित्र किंवा रेखाटन नंतर त्या जागी बसवावे. बोधचिन्ह आणि अक्षरे तर नेहमीच नंतर वेगळी चढवावीत.

प्रॉम्प्ट मराठीत लिहावा की इंग्रजीत?

साधनाला मराठी कितपत समजते यावर ते अवलंबून आहे. एकच प्रॉम्प्ट दोन्ही भाषांत देऊन पाहावे. इंग्रजी वापरायचे ठरले तर पात्राच्या वर्णनाचे भाषांतर एकदाच करून ते गोठवावे. प्रत्येक फ्रेमसाठी नव्याने भाषांतर केले तर शब्द बदलतात आणि शब्दांबरोबर माणूसही. लांबीचेही भान ठेवावे. स्टेबल डिफ्यूजन या चित्र-मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना एका वेळी ७७ टोकनच, म्हणजे शब्दांचे तेवढेच तुकडे, वाचता येत होते आणि पुढचा मजकूर गळत असे. नवी साधने बरीच लांब वाक्ये घेतात, पण शेवटी लिहिलेला उजेड सतत दुर्लक्षिला जात असेल तर तो वर आणून पाहावा.

उभ्या चौकटीची आवृत्तीही हवी असेल तर?

१६:९ च्या फ्रेम कापून ९:१६ करू नयेत. पाचव्या फ्रेममध्ये एक पात्र डावीकडे आणि दुसरे उजवीकडे आहे, त्यामुळे कापल्यावर एक जण जाणारच. उभ्या चौकटीसाठी मुलीला थोडे मागे उभे करून ती फ्रेम वेगळी लिहावी. क्लोज-अप मात्र बहुधा तसेच चालतात.

बोर्ड तयार झाल्यावर तपासणी कशी करावी?

फ्रेम एकेक करून तपासल्यास सगळ्याच बरोबर वाटतात. आठही फ्रेम लहान आकारात एका पट्टीत मांडाव्यात आणि प्रत्येक फेरीत एकच गोष्ट डावीकडून उजवीकडे पाहत जावे. पहिल्या फेरीत फक्त केस, दुसरीत भिंग, तिसरीत उजेडाची दिशा, चौथीत नजर. सहाव्या फ्रेममध्ये सावली अजून उजवीकडेच पडत असेल, तर उजेड बदलायचा राहिला आहे हे या पट्टीत लगेच कळते. नंतर त्याच फ्रेम ठरलेल्या सेकंदांनी एकामागून एक चालवून पाहाव्यात. चौथीवरून पाचवीवर जाताना मुलगी उजवीकडून आली असे वाटत नसेल तर दोष प्रॉम्प्टचा नाही, मध्ये एक फ्रेम कमी आहे. मुलगी टेबलाकडे चालत येतानाची फ्रेम तिथे घालावी आणि तिच्यासाठी लागणारे दोन सेकंद सातव्या फ्रेममधून काढून घ्यावेत.